कोणत्या वाक्यावरून?

आकलनाच्या उताऱ्यात ओळखीचा विषय आला की परीक्षार्थीला हायसं वाटतं. जास्त जपायला हवं ते तिथेच. नेरुळ-सीवूड्सला राहणाऱ्या मुलीपुढे फ्लेमिंगोंवरचा उतारा आला, तर तिच्या डोक्यात उताऱ्याबाहेरची वाक्यं आधीच हजर असतात. काही वर्तमानपत्रात वाचलेली, काही खिडकीतून पाहिलेली, काही सोसायटीच्या ग्रुपवर आलेली. प्रश्न मात्र छापलेल्या सहा-सात वाक्यांपुरता असतो. तिला जे ठाऊक आहे ते खरं असेल, तरीही ते उत्तर चुकीचं ठरू शकतं.

‘उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो?’ या प्रकारच्या प्रश्नात चांगली वाचणारी मुलंही चुकतात. शब्द अडतात म्हणून ती क्वचितच चुकतात. उताऱ्यात लिहिलेलं, उताऱ्यातून निघाल्यावाचून राहत नाही असं, आणि उतारा वाचून मनात येतं असं, हे तीन प्रकार कुणी त्यांना सुटे करून दाखवलेले नसतात. माझं म्हणणं असं आहे की हे सुटं करणं शिकवता येतं, तपासता येतं, आणि त्यासाठी उत्तरतालिकेत एक जादा ओळ छापायला हवी. ती ओळ कोणती, हे एका उताऱ्यावरून नीट दिसेल. वाक्यांना मुद्दाम क्रमांक दिले आहेत.

(१) ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. (२) २०२२ साली या अभयारण्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. (३) फ्लेमिंगो ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांवर अन्न शोधतात. (४) भरतीचे पाणी चढू लागले की त्यांतले बरेच पक्षी तिथून उठून नवी मुंबईच्या बाजूच्या पाणथळ जागांवर विसावतात. (५) विसाव्याच्या या जागांपैकी काही अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. (६) अशा जागेत खाडीचे पाणी येण्याचा मार्ग बंद झाला, तर ती जागा कोरडी पडू शकते. (७) म्हणून फ्लेमिंगोंच्या संरक्षणाचा आराखडा करताना त्यांच्या विसाव्याच्या जागांचाही विचार व्हायला हवा.

प्रश्न: उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणता निष्कर्ष निश्चितपणे काढता येतो?
(अ) अभयारण्याच्या हद्दीबाहेरील पाणथळ जागांना कायद्याचे संरक्षण नाही.
(ब) अभयारण्याच्या हद्दीबाहेरही काही फ्लेमिंगो विसावतात.
(क) खाडीच्या पाण्याचा मार्ग बंद झाल्यास फ्लेमिंगो ठाणे खाडी सोडून जातील.
(ड) फ्लेमिंगो केवळ ओहोटीच्या वेळी अन्न शोधतात.

उत्तर (ब) आहे. तरी सगळ्यात आधी बाद होण्याचा धोकाही त्यालाच आहे, कारण तो पर्याय फार साधा वाटतो. मुलांना निष्कर्ष म्हटलं की काहीतरी मोठं, उताऱ्याच्या पलीकडे झेपावणारं हवं असतं. परीक्षेतला निश्चित निष्कर्ष बहुधा असाच मिळमिळीत असतो. वाक्य ४ सांगतं की पक्षी अमुक जागांवर विसावतात. वाक्य ५ सांगतं की त्याच जागांपैकी काही हद्दीबाहेर आहेत. दोन्ही एकत्र ठेवली की (ब) निघतो. तो उताऱ्यात एका जागी जसाच्या तसा लिहिलेला नाही, तरी दोन्ही वाक्यं खरी मानल्यावर तो नाकारण्याची सोय उरत नाही.

नाकारण्याची सोय उरते का, हीच कसोटी आहे. पर्याय घ्यायचा, तो खोटा आहे असं क्षणभर धरायचं, आणि उताऱ्यातलं एखादं वाक्य मोडतं का ते बघायचं. (ब) खोटा धरला, म्हणजे हद्दीबाहेर एकही फ्लेमिंगो विसावत नाही असं मानलं, की वाक्य ५ मोडतं, कारण विसाव्याच्याच काही जागा बाहेर आहेत. आता (क) खोटा धरा. पाण्याचा मार्ग बंद झाला, एक जागा कोरडी पडली, पक्षी शेजारच्या दुसऱ्या पाणथळ जागेवर बसू लागले आणि खाडीत अन्न शोधायला पूर्वीसारखेच येत राहिले. उताऱ्यातली सातही वाक्यं शाबूत राहतात. म्हणजे (क) निश्चित निष्कर्ष नाही. तो खरा निघेल की खोटा, याच्याशी आपल्याला इथे देणंघेणं नाही.

(क) मध्ये दोन ठिकाणी ओढाताण झाली आहे आणि दोन्ही नेहमीच्या आहेत. वाक्य ६ मध्ये ‘पडू शकते’ आहे, पर्यायात थेट ‘जातील’. आणि वाक्य ६ जागेबद्दल बोलतं, पर्याय पक्ष्यांबद्दल. क्रियापदाचा जोर वाढवणं आणि कर्ता गुपचूप बदलणं, या दोन खेळींवर निष्कर्षाचे अनेक फसवे पर्याय रचलेले असतात. म्हणून पर्याय वाचताना क्रियापदाच्या शेवटाखाली आणि कर्त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची सवय लावावी. या दोन रेघांना पाच सेकंद लागतात.

(ड) मधली खेळी वेगळी आहे. ‘ओहोटीच्या वेळी अन्न शोधतात’ हे शब्द वाक्य ३ मधून जसेच्या तसे उचललेले आहेत, त्यामुळे डोळ्यांना तो पर्याय ओळखीचा वाटतो. फक्त एक ‘केवळ’ आत सरकवला आहे. उतारा भरतीच्या वेळच्या खाण्याबद्दल काही बोलत नाही, आणि न बोलणं म्हणजे नकार नव्हे. शब्दांची नक्कल जितकी जास्त, तितकं त्या पर्यायातल्या लहान शब्दांकडे लक्ष जास्त हवं: केवळ, सर्व, नेहमी, कधीच, त्यामुळे, पूर्णपणे. मराठीत तर असा शब्द वेगळा लिहिलेलाही नसतो. ‘ओहोटीच्या वेळीच’ असं लिहिलं की ‘केवळ’चं काम एका ‘च’ने होतं आणि भरभर वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो. त्यातही मराठी ‘च’ दोन कामं करतो. ‘तो येणारच’ मध्ये तो जोर देतो, ‘तोच येणार’ मध्ये इतरांना वगळतो. पर्यायात ‘च’ दिसला की तो कुठल्या शब्दाला चिकटला आहे ते पाहून मगच पुढे जावं.

राहिला (अ). नवी मुंबईच्या मुलांना हा पर्याय सगळ्यात जास्त ओढतो, कारण पाणथळ जागांवरचे वाद त्यांनी ऐकलेले असतात. पण ‘अभयारण्याच्या हद्दीबाहेर’ आणि ‘संरक्षणाबाहेर’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्षात किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत, २०१७ चे पाणथळ जागांचे नियम आहेत. एखादी जागा अभयारण्यात नसूनही त्यांच्या कक्षेत येऊ शकते. अर्थात ही माहितीही उताऱ्याबाहेरची. ती नसली तरी (अ) बाद होतो, कारण उताऱ्यात कायद्यातला एकच दर्जा आलेला आहे आणि बाकीच्यांबद्दल उतारा गप्प आहे.

इथे नकाराची कसोटी वापरताना होणारी एक चूक सांगायला हवी, नाहीतर कसोटीच फसते. ‘सर्व जागा हद्दीबाहेर आहेत’ याचा नकार म्हणून मुलं पटकन ‘एकही जागा हद्दीबाहेर नाही’ असं मांडतात. बरोबर नकार ‘निदान एक जागा हद्दीबाहेर नाही’ एवढाच आहे. तसंच ‘काही आहेत’चा नकार ‘काही नाहीत’ असा होत नाही, ‘एकही नाही’ असा होतो. ही अदलाबदल झाली की चुकीचा पर्यायही वाक्य मोडल्यासारखा भासतो आणि निश्चित वाटू लागतो. कसोटी शिकवण्याआधी ‘सर्व’ आणि ‘काही’ यांचे नकार पाच-दहा वाक्यांवर घोटून घेतले, की पुढचा बराच त्रास वाचतो.

बँकांच्या परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत एके काळी हमखास येणारा एक प्रश्नप्रकार होता. एक परिच्छेद, खाली काही विधानं, आणि प्रत्येक विधानाला पाचांपैकी एक शेरा द्यायचा: निश्चितपणे सत्य, संभवतः सत्य, माहिती अपुरी, संभवतः असत्य, निश्चितपणे असत्य. हा प्रकार आता मागे पडला आहे, पण शिकवण्यासाठी त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही. चार पर्यायांतून एक निवडताना मुलाच्या मनात काय चाललं ते शिक्षकाला दिसत नाही. पाच शेऱ्यांत ते उघडं पडतं.

वरच्याच उताऱ्यावर करून पाहू. ‘पाण्याचा मार्ग बंद झालेल्या जागी विसावणाऱ्या पक्ष्यांना दुसरी जागा शोधावी लागेल’ हे संभवतः सत्य आहे. वाक्य ६ त्याला एका बाजूने टेकू देतं, पुरता भार घेत नाही. ‘फ्लेमिंगो ठाणे खाडी सोडून जातील’ याला माहिती अपुरी. ‘रामसर यादीत समावेश झाल्यापासून फ्लेमिंगोंची संख्या वाढली’ यालाही माहिती अपुरी, मग बाहेर त्याबद्दल काहीही ऐकलेलं असो. आणि ‘विसाव्याच्या सर्व जागा अभयारण्यात आहेत’ हे निश्चितपणे असत्य. ‘संभवतः सत्य’ आणि ‘माहिती अपुरी’ यांच्यातली सीमा थोडी धूसर राहते, हे मान्य. तिथे एक नियम पाळला की वाद कमी होतो. विधानाकडे ढकलणारं उताऱ्यातलं निदान एक वाक्य बोट ठेवून दाखवता आलं, तरच ‘संभवतः’. ढकलणारी गोष्ट आपल्याच डोक्यातली असेल, तर ‘माहिती अपुरी’.

आता खऱ्या अवघड जागेकडे येऊ. वाक्य ७ पुन्हा वाचा. ‘विसाव्याच्या जागांचाही विचार व्हायला हवा.’ हे वाचताच कुणालाही वाटतं की सध्या तो विचार होत नाही. लेखकाला बहुधा तेच सुचवायचं आहे. पण हे वाक्य तसं सांगतं का? त्याच्यापुढे ‘आणि सध्याच्या आराखड्यात तसा तो झालेला आहे’ असं जोडून पाहा. थोडं अनपेक्षित वाटेल, पण विसंगत होणार नाही. पुढचं वाक्य जोडून जो अर्थ मागे घेता येतो, तो सुचवलेला अर्थ. जो मागे घेता येत नाही, तो सांगितलेला किंवा सांगण्यातून अटळपणे येणारा अर्थ. पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७५ साली छापलेल्या निबंधात सुचवलेल्या अर्थाची ही ओळख नेमकी मांडली, आणि भाषेचा अभ्यास करणारे ती आजही वापरतात.

मराठीत या कसोटीला एक आयता शब्द आहे: किंबहुना. ‘बरेच पक्षी उठतात’ हे वाचून ‘म्हणजे सगळे उठत नाहीत’ असं मनात येतं. पण ‘बरेच पक्षी, किंबहुना सगळेच, उठतात’ हे मराठीत बिनदिक्कत चालतं. ‘काही जागा, किंबहुना सर्वच, हद्दीबाहेर आहेत’ हेही चालतं. म्हणून वाक्य ५ वरून ‘उरलेल्या जागा हद्दीच्या आत आहेत’ हा निश्चित निष्कर्ष होत नाही, जरी बोलताना आपण ‘काही’चा अर्थ तसाच घेत असलो. याउलट ‘ठाणे-वाशी लोकल पुन्हा सुरू झाली’ या वाक्यात ‘पुन्हा’ आहे. ‘लोकल पुन्हा सुरू झाली, खरं तर ती याआधी कधी धावतच नव्हती’ हे जमत नाही. लोकल आधी धावत होती आणि मध्ये बंद होती, हे कुठे वेगळं लिहिलेलं नसलं तरी ‘पुन्हा’ने ते वाक्यात बांधून आणलं आहे. इतकंच काय, ‘लोकल पुन्हा सुरू झाली नाही’ असं नकारार्थी केलं तरी ते टिकतं. ‘थांबवलं’, ‘सोडलं’, ‘परत’ हे शब्द असंच सामान घेऊन येतात. ‘ही’ सुद्धा येतो. ‘जागांचाही विचार’ म्हटलं की आणखी कशाचा तरी विचार व्हायचा आहे, हे आलंच. पण तो सध्या होतो आहे की नाही, हे ‘ही’ सांगत नाही. एकाच वाक्यातला एक अर्थ असा अटळ आणि दुसरा केवळ सूचित असतो. अशी वाक्यं शोधून त्यांवर वर्गात बोलणं हे दहा सराव-उतारे सोडवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

यावर एक रास्त शंका येते. उताऱ्याबाहेरचं काहीच वापरायचं नसेल, तर निष्कर्ष निघणार कसा? आपल्याकडे या प्रश्नावर फार जुना खल झालेला आहे. मीमांसकांचं प्रसिद्ध उदाहरण असं: देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही. यावरून तो रात्री जेवत असणार, हे कळतं. मीमांसकांनी या ज्ञानाला ‘अर्थापत्ती’ असं स्वतंत्र नाव दिलं, नैयायिकांनी ते अनुमानातच बसवलं. दोघांचा वाद बाजूला ठेवू. आपल्या कामाचं एवढंच, की ‘खाल्ल्याशिवाय माणूस लठ्ठ राहत नाही’ हे दोन्ही वाक्यांत नाही. ते आपण बाहेरून आणलं. म्हणजे बाहेरची गोष्ट येतेच. प्रश्न कोणती चालते एवढा आहे.

माझी सीमारेषा अशी: हाच उतारा नागपूरच्या, कोल्हापूरच्या आणि नेरुळच्या वाचकाने वाचला, तर तिघांकडेही जे असेल आणि ज्यावर तिघांचं दुमत होणार नाही, ते चालतं. भरती आणि ओहोटी एकाच जागी एकाच वेळी नसतात, हे तिघांनाही माहीत आहे. कोरड्या पडलेल्या जागेला पाणथळ म्हणता येणार नाही, हेही. पण नेरुळमधल्या एखाद्या तलावात पाणी येण्याचे मार्ग कसे अडले यावर काय वाद झाला, हे फक्त तिसऱ्याला माहीत आहे, आणि तीच माहिती त्याला (क) कडे ओढून नेते. देवदत्ताच्या उदाहरणातही ‘रात्री जेवतो’ इथे थांबायचं. ‘रात्री लपून जेवतो’ किंवा ‘त्याने व्रत घेतलं असावं’ ही पुढची पावलं आपली, वाक्यांची नाहीत. मुलं बहुतेक वेळा पहिल्या पावलाला चुकत नाहीत, दुसऱ्याला चुकतात.

निष्कर्ष आणि गृहीतक यांची सरमिसळ हा याच गोंधळाचा शेजारी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅट या कलचाचणीच्या पेपरमध्ये एका उताऱ्याखाली निष्कर्ष विचारतात तर दुसऱ्याखाली लेखकाने काय गृहीत धरलं आहे ते विचारतात. दिशा उलट्या आहेत. निष्कर्ष उताऱ्यानंतर येतो, गृहीतक उताऱ्याच्या आधी असतं. वाक्य ७ मध्ये ‘म्हणून’ आहे. त्या ‘म्हणून’ला उभं राहायला जमीन लागते: विसाव्याच्या जागा गेल्या तर फ्लेमिंगोंच्या संरक्षणाला बाधा येते. हे कुठेच लिहिलेलं नाही आणि उताऱ्यातून निघतही नाही. पण ते काढून घेतलं, म्हणजे पक्षी कुठेही विसावले तरी फरक पडत नाही असं मानलं, तर सहाव्या वाक्यावरून सातव्यावर जाणारा पूल पडतो. नकाराची कसोटी तीच, फक्त निष्कर्ष तपासताना वाक्य मोडतं का ते बघायचं आणि गृहीतक तपासताना ‘म्हणून’ मोडतो का ते. उताऱ्यात ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यास्तव’ असा सांधा असेल तिथेच गृहीतक शोधावं.

इतकं सगळं शाळेत का होत नाही? दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्यावरच्या आकलनकृतींचा मोठा भर चौकटी आणि आकृत्या पूर्ण करण्यावर असतो. म्हणजे लिहिलेलं शोधून काढणं. त्यानंतर येते स्वमताची कृती, जिथे विद्यार्थ्याने उताऱ्याचं बोट सोडून स्वतःचा अनुभव आणि विचार मांडायचा असतो. दोन्ही आवश्यक आहेत. पण या दोहोंमधली पायरी, ‘लिहिलेलं नाही पण निघतंच’, हिला फार थोडी जागा मिळते. कवितेच्या रसग्रहणात आपण व्यंजना शिकवतो, ओळीतून काय ध्वनित होतं ते विचारतो, आणि तिथे विद्यार्थी जितका दूर जाईल तितकं कौतुक करतो. तेही योग्यच. मग पाच-सहा वर्षांनी तीच मुलं नौपाड्यातल्या क्लासात किंवा वाशीतल्या अभ्यासिकेत सीसॅटचा उतारा उघडतात आणि ‘निष्कर्ष’ या शब्दाखाली त्यांना ध्वनितार्थच अपेक्षित वाटतो. त्यांनी जे शिकलं ते त्यांनी वापरलं.

प्रश्नपत्रिकांची भाषा हा गोंधळ वाढवते. ‘उताऱ्यावरून काय सूचित होते’, ‘काय ध्वनित होते’, ‘कोणता निष्कर्ष काढता येतो’, ‘उताऱ्यानुसार कोणते विधान बरोबर’ हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी वापरले जातात. वाक्य ७ वरून ‘सध्या विसाव्याच्या जागांचा पुरेसा विचार होत नाही’ हे सूचित होतं का? होतं. निष्कर्ष म्हणून निश्चितपणे काढता येतं का? नाही. दोन प्रश्नांची दोन वेगळी बरोबर उत्तरं असताना प्रश्नात कोणताही शब्द घालून कसं चालेल? द्विभाषिक प्रश्नपत्रिकेत तर आणखी एक धोका असतो. एका भाषेतलं ‘होऊ शकते’ दुसऱ्या भाषेत ‘होते’ झालं, की त्या एका प्रत्ययाने बरोबर पर्यायच बदलतो.

याचा गुणांवर काय परिणाम होतो तेही पाहू. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सीसॅटचा पेपर ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा आणि दोन तासांचा. एका प्रश्नाला अडीच गुण, चुकीच्या उत्तराला त्याच्या एक चतुर्थांश वजावट, म्हणजे ०.६२५. पेपर पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळ्याच प्रश्नांना वजावट धरू. एका मुलीने ७० प्रश्न सोडवले, ३२ बरोबर, ३८ चूक. तिला ८० वजा २३.७५, म्हणजे ५६.२५ गुण मिळाले. ती बाद. दुसरीने ५० सोडवले, ३२ बरोबर, १८ चूक. तिला ६८.७५, ती पात्र. बरोबर उत्तरं दोघींचीही ३२. फरक पडला तो ‘असं वाटतं’ आणि ‘असं निघतं’ यांतला फरक ओळखून हात आवरण्याने. पेपरमध्ये उताऱ्यांचा वाटा मोठा असल्यामुळे हा हात बहुधा उताऱ्यावरच आवरावा लागतो. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं, त्यात चारही पर्यायांवर नकाराची कसोटी लावणं शक्य नाही. कर्ता आणि क्रियापद पाहून दोन पर्याय आधी काढावेत आणि उरलेल्या दोनांवरच कसोटी लावावी.

आता मागणीकडे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं कार्यालय आज बेलापुरात आहे. आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम उत्तरतालिका देतो. ही पद्धत चांगली आहे. पण तालिकेत प्रश्नक्रमांक आणि पर्यायक्रमांक एवढंच असतं. इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या प्रश्नावर हरकत घ्यायची तर पुस्तकाचं पान दाखवता येतं. उताऱ्यावरच्या प्रश्नाला उतारा सोडून दुसरा पुरावाच नाही, आणि उताऱ्यातलं कोणतं वाक्य आयोगाने आधार मानलं हे कुणालाच माहीत नसतं. हरकत घेणारा अंधारात युक्तिवाद करतो. निष्कर्षाच्या प्रत्येक उत्तरापुढे आधाराच्या वाक्यांचे क्रमांक छापले, तर हरकत मुद्द्यावर येईल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रश्न काढणाऱ्यालाही प्रश्न काढतानाच ते क्रमांक लिहावे लागतील, आणि जिथे क्रमांक लिहिता येणार नाही तो प्रश्न छपाईआधीच गळेल.

यावर असं म्हटलं जाईल की वाचन म्हणजे हिशेब नव्हे, आणि प्रत्येक गोष्टीला वाक्याचा क्रमांक मागितला तर ओळींमधलं वाचणारा वाचकच संपेल. ही काळजी मला खोटी वाटत नाही. लेखकाचा सूर, त्याचा कल, त्याचा हेतू विचारणारे प्रश्न परीक्षेत असायलाच हवेत, आणि त्यांची उत्तरं सुचवलेल्या अर्थावरच उभी असतात. पण तिथे प्रश्नात ‘लेखकाला बहुधा काय सुचवायचे आहे’ असं स्वच्छ लिहावं, आणि तालिकेत ते सूचन कोणत्या शब्दामुळे होतं तो शब्द द्यावा. वाक्य ७ मधला ‘व्हायला हवा’ हा तसा शब्द आहे. सूचनालाही उताऱ्यात जागा असते. ती दाखवता येत नसेल, तर तो अर्थ वाचकाने आणलेला आहे.

आयोगाची वाट न पाहता हे सुरू करता येईल अशा जागा ठाणे-नवी मुंबईत आहेत. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, खासगी क्लास आहेत, अभ्यासिकांमधले गट आहेत. सराव चाचणीच्या उत्तरतालिकेत एक स्तंभ वाढवायला खर्च येत नाही. वर दिलेल्या प्रश्नापुरता तो असा दिसेल:

उत्तर: (ब). आधार: वाक्य ४ आणि ५ एकत्र.
(अ) बाद: कायद्याच्या इतर संरक्षणाबद्दल उतारा गप्प. माहिती अपुरी.
(क) बाद: वाक्य ६ मध्ये ‘शकते’, पर्यायात ‘जातील’, कर्ता जागेऐवजी पक्षी. माहिती अपुरी.
(ड) बाद: वाक्य ३ मध्ये ‘केवळ’ नाही. माहिती अपुरी.